स्वयंपाकघरातला आवाज

मास्तर शाळेत शिकवत नसत, गाडी शिकवत. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, हे त्यांचं काम. "मी लोकांना रस्त्यावर आणतो आणि वर तेच माझे आभार मानतात," असं ते येईल त्याला सांगायचे. हा विनोद घरात सगळ्यांना पाठ होता. तरी ते तो सांगायचे आणि सांगून स्वतःच आधी हसायचे.

घरी आल्यावरही त्यांचं तोंड थांबत नसे. पायातले बूट काढता काढता ते आज कोण गाडी घेऊन फुटपाथवर चढलं ते सांगायला लागायचे, आणि त्यांची बायको स्वयंपाकघरातून हूं हूं करत राहायची. पुष्कळदा ती ऐकत नसे. ते तिला माहीत होतं आणि मास्तरांनाही माहीत होतं.

मग घसा बसला. सहा महिने तो सर्दीचा म्हणून चालवून घेतला आणि शेवटी तपासलं तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपीच्या बाई त्यांना भेटायला आल्या होत्या. त्यांनी सुचवलं की आवाज आहे तोवर थोडं रेकॉर्ड करून ठेवा; घरच्यांची नावं, रोजची वाक्यं, नातवंडांसाठी एखादी गोष्ट, काहीही. मास्तर भडकले. "मी काय मरायला चाललोय का?" म्हणाले. बाई समजूतदार होत्या, पुन्हा एकदा आल्या. मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. बायको आणि मुलं, कुणीच आग्रह धरला नाही. त्या दिवसांत त्यांच्या मनाविरुद्ध काही करणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं.

ऑपरेशन नीट झालं. आजार गेला असं डॉक्टर म्हणाले. मास्तरांच्या गळ्याला पुढच्या बाजूला एक भोक राहिलं, त्यातूनच आता श्वास. त्यावर ते एक पातळ जाळीदार कापड बांधत. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही मिळालं होतं. त्यांनी ते एकदा लावून पाहिलं. जो सपाट, गुणगुणता आवाज आला तो ऐकून त्यांनी ते परत खोक्यात ठेवलं. ओठ हलवून बोलायचे. बायकोला बरंचसं कळायचं. बाकीच्यांसाठी फोनवर टाइप करून दाखवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी त्यांना ऑफिसात बसायला सांगितलं होतं, पण तिथे दिवसभर लोक येऊन प्रश्न विचारतात. दुसऱ्याच आठवड्यात ते घरी बसले.

आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आला तेव्हा थोरली मुलगी दोन दिवस राहायला आली. तिने मनाशी एक बेत केला होता. इतक्या वर्षांत तिच्या फोनमध्ये साठलेले लहानसहान व्हिडिओ शोधून, जोडून, तिने एक दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ तयार केला होता. कुठे सहलीचा, कुठे नव्या फ्रिजचा, कुठे उगाच काढलेला. त्यातल्या काहींत बाबा बोलत होते. मुद्दाम त्यांचा आवाज पकडायला कुणी फोन धरला नव्हता, पण ते गप्प बसतच नसल्यामुळे तो आपोआप आत आला होता. एवढ्याशा फोनच्या पडद्यावर पाच-सहा जणांनी डोकी एकत्र करून बघण्यापेक्षा हॉलमधल्या टीव्हीवर सगळ्यांनी बसून बघावं, असं तिला वाटत होतं. व्हिडिओत आवाज आहे हे तिने कुणालाच सांगितलं नाही. बाबांना तो परत ऐकायला मिळेल, एवढाच तिचा विचार होता. त्यापुढे तिने विचार केला नव्हता.

सकाळी आईच्या हाताखाली भाजी चिरताना तिने फ्रिजवरचा छोटा स्पीकर आपल्या फोनला जोडून जुनी गाणी लावून दिली. आईला बरं वाटलं. घरात फार शांत असतं गं, एवढंच ती म्हणाली. दिवसभर मधूनमधून गाणी चालू होती. संध्याकाळी मंडळी जमायला लागली तशी थोरलीने गाणी बंद केली आणि फोन घेऊन हॉलमध्ये आली. स्पीकर फ्रिजवर तसाच राहिला, चार्जिंगला लावलेला, चालू.

मंडळी म्हणजे तरी किती. मास्तरांची बहीण, म्हणजे आत्या, आणि धाकटा मुलगा व सून. मास्तर आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. आई स्वयंपाकघरात तळण काढत होती. ऑपरेशनपासून तळण असलं की स्वयंपाकघराचं दार घट्ट लावून घ्यायची पद्धत पडली होती, कारण धूर नाकातून न जाता सरळ गळ्यातून आत जायचा आणि मास्तरांना खोकल्याची उबळ आली की पाहवत नसे. थोरलीने दार किलकिलं करून आईला बोलावलं. आई म्हणाली, तुम्ही सुरू करा, हा घाणा उतरवून आलेच. थोरली थांबायला तयार होती. पण मास्तरांनीच हाताने खूण केली: लाव, ती येईल.

लावणं इतकं सोपं नव्हतं. थोरलीने फोनमध्ये पडदा टीव्हीवर दाखवायचं बटण दाबलं, तर यादीत टीव्हीचं नावच येईना. धाकटा उठला. तिच्या फोनवर डोकावून म्हणाला, "ताई, तू तुझ्या मोबाइल डेटावर आहेस. टीव्ही घरच्या वाय-फायवर आहे. दोघं एका वाय-फायवर असल्याशिवाय त्यांची भेट कशी होणार?" पासवर्ड राउटरच्या बुडाशी चिकटवलेला होता, तो सुनेने वाचून दाखवला. मग टीव्हीचं नाव आलं. थोरलीने त्यावर बोट ठेवलं, टीव्हीने परवानगी विचारली, धाकट्याने रिमोटने हो म्हटलं, आणि तिच्या फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर उमटला. उभा, मधोमध, दोन्ही बाजूंना काळं.

"अय्या, हिचं सगळंच दिसतंय की," आत्या म्हणाली.

खरंच सगळं दिसत होतं. वर बॅटरी किती उरली तेही. थोरलीने घाईने मेसेज वर टपकू नयेत म्हणून ते बंद केले, पडदा फिरायची सोय चालू केली आणि फोन आडवा धरला. थोड्या वेळाने टीव्हीवरचं चित्रही आडवं झालं आणि भिंतभर पसरलं. तिने व्हिडिओ सुरू केला.

पहिल्याच चित्रात मास्तर होते. पाच-सहा वर्षांपूर्वीचे, अंगाने भरलेले. याच खुर्चीत बसून समोरच्या कुणाला तरी हातवारे करून सांगत होते. स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात, मग ब्रेक दाबल्यासारखा पाय. ओठ भराभर हलत होते. आणि आवाज नव्हता.

टीव्हीवरचे मास्तर बोलत होते, हसत होते, मान मागे टाकत होते, आणि खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. इतके महिने घरात जे रोज दिसत होतं तेच समोर मोठं होऊन दिसत होतं. सुनेने मान खाली घातली. खुर्चीतले मास्तर मात्र टक लावून बघत होते. थोरलीने पाहिलं, त्यांचेही ओठ किंचित हलत होते. आपण काय बोलत होतो ते ते ओठांवरून वाचत असावेत.

"आवाज कुठाय?" शेवटी धाकट्याने विचारलं. रिमोट घेऊन तो टीव्हीचा आवाज वाढवत गेला. पट्टी शेवटाला टेकली तरी काही नाही. म्यूट केलंय का बघितलं, नव्हतं. थोरलीने फोनचा आवाज पूर्ण वाढवला. व्हिडिओ चालूच होता. आता दुसरा तुकडा लागला होता: मास्तर दारात उभे, हातात वर्तमानपत्र, घराच्या आतल्या बाजूला तोंड करून कुणाला तरी हाक मारतायत.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार आतून धाडकन उघडलं.

आई पळत आली. पळत म्हणजे खरोखर पळत, गुडघे दुखणारी बाई. एका हातात झारा तसाच, दुसऱ्या हाताचं पीठ झडतंय, आणि चेहरा असा की थोरलीने तो गेल्या वर्षात पाहिला नव्हता, कदाचित त्याच्याही आधी खूप वर्षांत नसेल. सगळ्या सुरकुत्यांसकट उजळलेला. ती कुणाकडेही न बघता सरळ खुर्चीपाशी गेली.

"आले, आले," ती म्हणाली. "हाक मारलीत ना? तुम्ही बोललात ना आत्ता?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

"मला ऐकू आलं," आई इतरांकडे वळून म्हणाली. "चष्मा कुठे ठेवलास म्हणाले. अगं, म्हणाले. माझ्या मागेच उभं राहून म्हणाले."

उघड्या दारातून आता सगळ्यांनाच ऐकू आलं. फ्रिजवरच्या स्पीकरमधून मास्तरांचा आवाज येत होता, मोठा, मोकळा, जरासा चिडका: अगं, ऐकलंस का, मी काय विचारतोय? आणि मागून हसण्याचा आवाज, तो थोरलीचा. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता म्हणून ती त्या दिवशी हसत होती. टीव्हीवर त्यांचे ओठ त्या शब्दांच्या जरा मागून हलत होते.

आई दाराकडे वळली, मग टीव्हीकडे. तिला कळलं. चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला नाही. थोडा वेळ तसाच राहिला, कुठे जावं ते न कळल्यासारखा, आणि मग उतरला. तिने झाऱ्याकडे पाहिलं. "तेल तसंच आहे गॅसवर," असं म्हणून ती आत गेली.

काय झालंय ते थोरलीच्या लक्षात आलं: सकाळी जोडलेला स्पीकर तिने तोडलाच नव्हता. चित्र टीव्हीवर आणि आवाज त्याच्या जुन्या वाटेने स्वयंपाकघरात. व्हिडिओ आधी थांबवावा, मग तोडावं, हे तिला त्या घाईत सुचलं नाही. तिने फोनवर वरून सेटिंगची पट्टी ओढली, ब्लूटूथवर बोट दाबलं, ते सगळं टीव्हीवर सर्वांसमोर उघडंवाघडं. स्पीकरची जोडणी तुटली आणि आवाज टीव्हीतून फुटला. टीव्हीची पट्टी शेवटाला टेकलेली होती.

"अगं, राहू दे आता, सापडला!" असं म्हणत मास्तर अख्ख्या खोलीवर गरजले. तावदान थरथरलं. आत्याने कानांवर हात ठेवले. खुर्चीतल्या मास्तरांचा हात गळ्यावरच्या कापडावर गेला आणि तिथेच राहिला, जणू त्यातून काही बाहेर पडलंय का ते चाचपत होता. मग ते उठले आणि सावकाश चालत गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

धाकट्याने टीव्ही बंद केला. आत्या म्हणाली की पोरीने चांगल्या मनाने केलं, त्यात तिची काय चूक. कुणी चूक काढली नव्हती. जेवणं झाली. सगळे जरा जास्तच बोलत होते. आईने मास्तरांच्या ताटात भात वाढताना तो नीट मऊ आहे की नाही ते नेहमीसारखं बोटाने चेपून पाहिलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. मास्तर मात्र जेवणभर तिच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली तिची पिशवी भरत होती तेव्हा मास्तर आले आणि त्यांनी आपला फोन तिच्यापुढे धरला. त्यावर टाइप केलं होतं: तो व्हिडिओ मला दे.

तिला वाटलं, पुसून टाकायला मागतायत. ती म्हणाली, बाबा, माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं तुम्हाला. त्यांनी मान हलवली, ते नाही. पुन्हा टाइप केलं: काल केलंस तसं करायला शिकव. चित्र टीव्हीवर. आवाज आत.

थोरलीने विचारलं, "तुम्हाला नाही ऐकायचा?"

मास्तरांनी जोरात नकारार्थी मान हलवली. आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: माझ्यासाठी कधी अशी पळत आली नव्हती.

थोरलीने त्यांच्या शेजारी बसून त्यांना सगळं दाखवलं. त्यांचा फोन घरच्या वाय-फायवर होताच. आधी स्पीकर जोडायचा, हे बटण. मग टीव्ही, हे बटण. आवाज कुठून येणार ते इथे निवडायचं, आणि तो स्पीकर आहे ना याची खात्री करायची. फोनचा पडदा विझू द्यायचा नाही, विझला की टीव्हीवरचंही थांबतं. मास्तर चांगले विद्यार्थी निघाले. तिने एकदा करून दाखवलं, त्यांनी दोनदा करून पाहिलं, आवाज बारीक ठेवून. आई तेव्हा खाली गेली होती. निघताना थोरलीला चांगलंच वाटत होतं. काल जे विस्कटलं ते कुठेतरी बसलं असं तिला वाटलं.

ती परत आली ती महिना-दीड महिन्याने, न सांगता. तिच्याकडे किल्ली होती. दार उघडलं तर हॉलचे पडदे ओढलेले, आणि टीव्हीवर तेच चित्र, वर्तमानपत्र हातात घेतलेले मास्तर. समोर खुर्चीत मास्तर. ती आल्याचं त्यांना कळलं नाही. टीव्हीवरच्या माणसाबरोबर त्यांचे ओठ हलत होते, आणि आता त्यांना ओठ वाचावे लागत नव्हते. त्यांना सगळं पाठ झालं होतं. टीव्हीवरचं चित्र जरासं मागे पडतं हेही त्यांना ठाऊक झालं असावं, कारण ते त्याच्या किंचित आधी ओठ हलवत होते, आतल्या आवाजाशी जुळतील असे. हातही हलत होते. दारात उभं राहून आत हाक मारणाऱ्या माणसासारखी त्यांनी मान वळवली.

"आले हो," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "डोक्यावर असेल बघा."

मास्तर हसले. छाती हलली, गळ्यातून नुसती हवा आली.

थोरली भिंतीच्या कडेने आत गेली. स्वयंपाकघराचं दार तिने आपल्यामागे लावून घेतलं. आई ओट्याशी उभी राहून कोबी चिरत होती. फ्रिजवर स्पीकर नव्हता. तरी बाबांचा आवाज कुठूनतरी येत होता, दबलेला, विहिरीतून आल्यासारखा. आईने तिला पाहिलं, दचकली, आणि सुरीच्या टोकाने कपाटाकडे दाखवलं. थोरलीने खालचं दार उघडलं. आत जुन्या टॉवेलांची आणि फडक्यांची चवड होती आणि आवाज त्या चवडीच्या पोटातून येत होता. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धर, तो म्हणत होता. आरशात बघ.

तिने दार लावून घेतलं.

"रोज असतं का हे?" तिने विचारलं.

"सकाळी एकदा. संध्याकाळी एकदा. कधी दुपारी पण." आईने कोबी परातीत लोटला. "मी बंद करून पाहिला गं एकदा. तर आवाज एकदम तिकडे टीव्हीत गेला. हे धावत आले आत, घाबरेघुबरे. मला वाटलं आता खोकतायत की काय. स्पीकर बिघडला समजून दुकानात निघाले होते. मग मीच म्हटलं, चुकून बटण दाबलं गेलं. तेव्हापासून असा ठेवते."

"तू सांग ना त्यांना, नको म्हणून."

"काय सांगू?" आई म्हणाली. "त्या दिवशी मला भास झाला, तो झाला. त्या एका घडीला मला वाटलं, परत आलं सगळं. पण आता तेच सहा शब्द, त्याच सुरात. मी जे उत्तर द्यायचं तेही तेच. माणूस पलीकडे बसलाय जिता, आणि मी फडक्यांशी बोलतेय. त्यांच्या ओठांवरून मला सगळं कळत होतं. नवीन काही सांगायचे रोज. आज गॅलरीतून काय दिसलं, कोण कसा गाडी लावतो. आता माझ्याशी ओठसुद्धा हलवत नाहीत. त्यांना वाटतं, मला हेच आवडतं. मला देतात ते. कौतुकाने देतात."

तिने डोळे पुसले नाहीत, डोळ्यांत पाणी नव्हतंच. कढईत फोडणी घातली, झाकण ठेवलं. "त्या टीव्हीच्या उजेडात बघितलंस का त्यांना? किती खूश असतात तेवढा वेळ. ते मोडू कसं मी?"

कपाटातला आवाज थांबला. आईने कान दिला, थोडं थांबून दार उघडलं आणि हसरा चेहरा करून हॉलमध्ये डोकावली. थोरली तिच्यामागून गेली. मास्तर तिला पाहून उठले, तिच्या पाठीवर थोपटलं, पिशवी हातातून घेतली. प्रवास कसा झाला, जावई कसे आहेत, सगळं ओठांनी विचारलं. तिला निम्मं कळलं. मग आई चहा टाकायला वळल्यावर त्यांनी चटकन फोन काढून लिहिलं आणि तिच्यापुढे धरला.

ऐकते ना नीट? तुला काय म्हणाली?

थोरलीने तो प्रश्न वाचला. सांगायचं तर आत्ताच, असं तिला वाटलं. वाक्यही तयार होतं तोंडात: बाबा, आईला तुमचा आवाज नको, तुम्ही हवे आहात. सोपं वाक्य. पण ते त्यांच्यापर्यंत पोचताना त्याचं काय होईल ते तिला दिसत होतं. आवाज नको, एवढंच त्यांना ऐकू येईल. जी एक वस्तू आपल्यापाशी उरली आणि जिच्यासाठी बायको पळत आली, तीही फडक्यांत गुंडाळून ठेवलीय, हे त्यांना कळेल. त्यापुढचं ते वाचणार नाहीत. हॉस्पिटलात वळले होते तसे भिंतीकडे वळतील.

"ऐकते," ती म्हणाली. "छान आहे म्हणाली."

मास्तरांनी समाधानाने मान डोलावली आणि रिमोट जागेवर ठेवला, पुसून.

दिवसभर ती घरात राहिली. आईने विषय काढला नाही, तिनेही नाही. दुपारी मास्तर झोपले तेव्हा दोघी जणी गॅलरीत बसल्या. खाली कुणीतरी तीनदा पुढेमागे करूनही गाडी नीट लावू शकत नव्हतं. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. हे असते तर आता काय म्हणाले असते सांगू का, असं म्हणून ती बोलायला लागली आणि मध्येच थांबली, कारण ते आत होते.

संध्याकाळच्या बसने थोरली परत निघाली. खिडकीशी जागा मिळाली. गाव मागे पडता पडता फोन वाजला. बाबांचा मेसेज होता, नेहमीपेक्षा मोठा. त्यांनी लिहिलं होतं की आईला तेच तेच ऐकून कंटाळा येईल. तुझ्याकडे आणखी असतील ना, शोधून पाठव. मी काहीही बोलत असलेलं चालेल. शिव्या दिलेल्या असल्या तरी चालतील. शेवटी त्यांनी एक हसरा चेहरा टाकला होता.

तिने फोनमधले सगळे फोटो आणि व्हिडिओ पुन्हा चाळले, अगदी मागेपर्यंत. व्हिडिओ करताना जे जे सापडलं ते तिने आधीच वापरलं होतं. उरलेल्यांत बाबा होते ते कुणाच्या मागे उभे, जेवताना, झोपलेले. एकात ते हात हलवून निरोप देत होते. त्यात बोलले असतील, पण रस्त्यावरचा हॉर्न सगळ्यावर पसरलेला होता. धाकट्याला विचारलं. त्याच्याकडे काही नव्हतं. आत्याला विचारलं. तिचा फोन मागच्या वर्षी पाण्यात पडला होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनाही तिने मेसेज टाकला. त्यांनी लगेच उत्तर दिलं की असं काही ठेवलेलं नाही, मास्तर रोजच बोलायचे, कुणाला वाटलं होतं.

बाहेर अंधार पडला. काचेत तिचाच चेहरा दिसायला लागला. तिने बाबांना लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं.

शोधते, असं तिने पाठवलं.